एका सात-बाराला तीन वेगळे दस्त

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. गुहागर तालुक्यात आमचे घर आणि हापूसची बाग आहे. दोन्ही बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले. बाबा २०१८ साली गेले, मृत्युपत्र केलेले नाही. वारस नोंद होऊन आई, अक्का, दादा, मी आणि धाकटी अशी पाचही नावे सात-बारावर लागली आहेत. बाग मीच बघतो. अक्का चिपळूणला असते, तिला काही नको, पण तिचा हिस्सा मलाच मिळावा असे ती म्हणते. दादा डोंबिवलीला, त्याला हिश्शाचे नऊ लाख हवेत, नाहीतर बाहेरच्या पार्टीला विकतो म्हणतो. धाकटी पुण्याला, ती बागेवरचा हक्क सोडते म्हणते, पण घरातली खोली तिला हवी. आमचे दस्तलेखक म्हणतात, सगळ्यांचे एकच हक्कसोडपत्र करा, पाचशे रुपयांत काम होईल. दादाचे मेहुणे म्हणतात, बक्षीसपत्र पक्के असते. ओळखीचे एक निवृत्त सर्कल म्हणतात, खरेदीखताशिवाय काही खरे नाही. कुणाचे ऐकू?
— एक बागायतदार, गुहागर तालुका

उत्तर :

तिघांचेही थोडे थोडे ऐका. तुमच्या घरात तीन भावंडांची तीन वेगळी म्हणणी आहेत आणि ती एका कागदात कोंबायला गेलात की गोंधळ होणार. अक्काचा कागद वेगळा, दादाचा वेगळा, धाकटीचा वेगळा. तुमचे दस्तलेखक पैसे वाचवायला बघतायत हे खरे, पण जिथे वाचवायला नकोत तिथेही वाचवतायत.

आधी हिस्से पक्के करू. मिळकत बाबांची स्वकष्टार्जित आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई आणि चार मुले यांना प्रत्येकी एक पंचमांश. बहिणींची लग्ने कधी झाली याचा इथे संबंध नाही, आणि आईचा हिस्सा मुलांइतकाच आहे. हे मुद्दाम सांगते, कारण ‘आई काय, आमच्याकडेच आहे’ म्हणून तिला हिशेबात न धरणारी घरे मी पुष्कळ बघते. (मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंबांत हिस्से वेगळे पडतात. पुढचे आकडे त्यांनी स्वतःला लावून बघू नयेत.)

सरकारी दराने, म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याने, बाग ३२ लाखांची आणि घर ८ लाखांचे निघाले असे समजू. तुमचा खरा आकडा दुय्यम निबंधक कार्यालयात मूल्यांकन काढून मिळेल, पण हिशेब समजायला हा पुरे. एकूण ४० लाख, एकेकाचा हिस्सा ८ लाख.

अक्का : हक्कसोडपत्र, पण नाव घालून

हक्कसोडपत्र म्हणजे मिळकतीत आधीपासून हिस्सा असलेल्या एकाने दुसऱ्या हिस्सेदारासाठी बाजूला होणे. घेणारा मुळात हिस्सेदार असावा लागतो, ही त्याची पहिली अट. तुम्ही आहात, त्यामुळे अक्काचे काम इथे बसते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ५२ मध्ये भाऊ, बहीण, आई, वडील, मुले, नवरा-बायको अशा ठरावीक नात्यांत वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क ठोक आहे. पूर्वी २०० रुपये होते, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झाले. मिळकत ३२ लाखांची असो की ३ कोटींची, आकडा तोच. दस्तलेखकांचे पाचशे रुपये हेच.

‘वडिलोपार्जित’ या शब्दावरून कधीकधी शंका काढली जाते, कारण तुमच्या बाबांनी बाग स्वतः घेतली होती. म्हणून मिळकत बाबांना कशी आली, ते कधी वारले आणि कोणत्या फेरफाराने पाच वारस लागले हे दस्ताच्या सुरुवातीलाच लिहा, आणि तो फेरफार सोबत जोडा. एवढे करूनही निबंधकांनी हरकत घेतली तर वाद घालत बसू नका. नोंदणीआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे दस्ताचा मसुदा अभिनिर्णयाला द्या. कोणत्या अनुच्छेदाखाली किती शुल्क लागते ते तेच लेखी ठरवून देतात, आणि मग पुढे कुणी ‘शुल्क कमी भरले’ म्हणून नोटीस काढायची भीती बरीच कमी होते.

आता खरी मेख. तयार नमुन्यात बहुतेक ठिकाणी वाक्य असे असते : ‘सदर मिळकतीतील माझा असलेला व नसलेला सर्व हक्क मी या दस्ताने कायमचा सोडून दिला आहे.’ कुणासाठी सोडला? वाक्यात नाहीच. अशा मोघम दस्ताचा अर्थ असा निघू शकतो की अक्काचा पंचमांश उरलेल्या चौघांत सारखा वाटला गेला. मग आई, दादा, तुम्ही आणि धाकटी, प्रत्येकाचा हिस्सा एक पंचमांशावरून एक चतुर्थांशावर जातो. आठ लाखांचे दहा लाख. म्हणजे अक्काने तुम्हाला द्यायचे म्हणून केलेल्या कागदाने दादाच्या हिश्शाची किंमत दोन लाखांनी वाढते, आणि नऊ लाख मागणारा दादा उद्या ‘आता माझा पाव हिस्सा आहे’ म्हणून अकरा मागेल. त्याचे चूकही म्हणता येणार नाही.

एकत्र कुटुंबाच्या जुन्या वडिलोपार्जित मिळकतीत तर हा धोका आणखी मोठा, कारण तिथे एका सहदायादाने, म्हणजे मिळकतीत जन्मानेच हक्क असलेल्याने, सोडलेला हक्क सगळ्यांच्याच लाभात जातो असा कायद्याचा कल आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे १९८७ साली आलेल्या एका प्रकरणात भावाने भावाला ‘बक्षीस’ म्हणून दिलेला अविभक्त हिस्सासुद्धा शेवटी उरलेल्या सगळ्या सहदायादांसाठी सोडलेला हक्क मानला गेला. तुमचे तसे नाही. बाबांची स्वतःची मिळकत वारसाने आली, त्यामुळे पाचही जणांचे हिस्से आपापले आणि ठरलेले आहेत, आणि अक्का तिचा हिस्सा एका भावाच्या नावे सोडू शकते. मात्र ते शब्दांत आले पाहिजे. मी असे लिहिते :

‘सदर मिळकतीत माझा १/५ अविभक्त हिस्सा असून तो संपूर्ण हिस्सा मी माझे भाऊ लिहून घेणार यांचे एकट्यांचे लाभात, विनामोबदला व स्वखुशीने सोडून देत आहे. त्यामुळे सदर मिळकतीत लिहून घेणार यांचा हिस्सा २/५ झाला असून इतर सहहिस्सेदारांच्या हिश्शांत कोणताही बदल झालेला नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नका. ते निबंधकासाठी लिहायचे नसून तलाठ्यासाठी लिहायचे. कारण सामाईक सात-बारावर बहुतेक वेळा कुणाचा किती हिस्सा हे लिहिलेलेच नसते, नुसती नावे एकाखाली एक. हक्कसोडीचा फेरफार घालताना अक्काचे नाव ‘कमी केले’ एवढीच नोंद होते आणि नाव खरेच जाते. ते कुणाच्या लाभात गेले हे दहा वर्षांनी सात-बारा बघणाऱ्याला कळत नाही. चार नावे दिसतात, म्हणजे चार सारखे हिस्से असा तो अर्थ लावतो. म्हणून फेरफाराच्या नोंदीतच ‘यांचे लाभात, हिस्सा २/५’ हे यायला हवे, आणि ते यायला दस्तात तसे असायला हवे.

अक्काची मुले पुढे फिरली तर, हे तुमच्या पत्रात नाही, पण मनात असणारच. वडिलांकडून आलेला हिस्सा अक्काच्या हातात तिचा स्वतःचा, पूर्ण मालकीचा आहे. भाच्यांचा त्यात जन्मसिद्ध हक्क नाही. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र तिलाही एकतर्फी रद्द करता येत नाही, आणि फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असे म्हणायचे तर दिवाणी कोर्टात जाऊन सिद्ध करावे लागते. तेव्हा सहीच्या आधी अक्काला दस्त तिच्या भाषेत वाचून दाखवा, तिच्याकडचा माणूस साक्षीदार घ्या. आणि नोटरीसमोर पाचशेच्या स्टॅम्पवर केलेला ‘हक्कसोड’ कुणी सुचवला तर हात जोडा. नोंदणी नसलेल्या हक्कसोडपत्राने स्थावर मिळकतीचा हक्क जात नाही, आणि तलाठ्याकडे ‘मला हिस्सा नको’ असा जबाब दिल्यानेही जात नाही. आपल्याकडे अशा जबाबांवर नावे कमी झालेल्या आत्या वीस-तीस वर्षांनी परत येतात आणि कोर्टात जिंकतात.

मग बक्षीसपत्र कधी?

दादाच्या मेहुण्यांचे ‘पक्के’ हे म्हणणे बरोबर आहे, पण हक्कसोडपत्रापेक्षा जास्त पक्के नाही. दोन्ही नोंदणीकृत, दोन्ही विनामोबदला. फरक असा की बक्षीसपत्र हे हस्तांतर आहे. देणारा आपली मालकी उचलून दुसऱ्याला देतो, आणि घेणारा आधीचा हिस्सेदार असावा लागत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे त्याला दोन साक्षीदार लागतात, आणि देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. म्हणून ‘मी हे बक्षीस स्वीकारले’ असे लिहून तुमची सहीही दस्तावर घेतात.

खर्च मात्र खूपच वेगळा. बहिणीने भावाला बक्षीस दिले तर बाजारमूल्याच्या ३ टक्के मुद्रांक शुल्क. अक्काच्या ८ लाखांवर २४ हजार. त्यावर स्थानिक संस्थेचा १ टक्का अधिभार, ८ हजार. नोंदणी फी १ टक्का, आणखी ८ हजार. झाले ४० हजार, जिथे हक्कसोडपत्राला मुद्रांक ५०० आणि वर किरकोळ खर्च. ‘बक्षीसपत्र २०० रुपयांत होते’ असे तुम्ही ऐकले असेल. ते खरे आहे, पण नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडे आणि मयत मुलाची पत्नी यांना राहते घर किंवा शेतजमीन देताना. भाऊ-बहीण त्या यादीत नाहीत. हा गैरसमज इतका आहे की लोक दस्त तयार करून निबंधकाच्या खिडकीपर्यंत पोचतात आणि तिथे कळते.

तरी बक्षीसपत्रच करावे लागते अशी वेळ येते. समजा अक्का उद्या म्हणाली, ‘भावाला कशाला, माझा हिस्सा त्याच्या मुलाला देते, तो कृषी पदवीधर आहे.’ तुमचा मुलगा सात-बारावर हिस्सेदार नाही. त्याच्या नावे हक्क सोडता येत नाही, द्यावा लागतो. म्हणजे बक्षीसपत्र. आणि आत्याने भाच्याला दिलेले बक्षीस ३ टक्क्यांच्या यादीतही बसत नाही, त्याला पूर्ण खरेदीचा दर लागतो. आयकरात मात्र आत्या ही ‘नातेवाईक’ धरली जाते, त्यामुळे भाच्यावर कर येत नाही. मुद्रांकाच्या आणि आयकराच्या नात्यांच्या याद्या वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवा. त्यापेक्षा अक्काने तुमच्या नावे हक्क सोडावा आणि तुम्ही योग्य वेळी मुलाला २०० रुपयांच्या मुद्रांकावर बक्षीस द्यावे, हे सरळ पडते. अर्थात मधल्या काळात मालक तुम्ही असता, हे अक्काला मान्य असेल तरच.

आईच्या हिश्शाबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही. तो तसाच राहू द्या. तिच्या नावावर एक पंचमांश असणे हा तिचा आधार आहे, तो आज काढून घेण्याची तुम्हाला गरज नाही. तिलाच द्यायचा असेल तर ती मुलाला बक्षीस देऊ शकते, पण मग दस्तात ‘हयातभर सांभाळ करण्याच्या अटीवर’ असे लिहा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली असा दस्त रद्द करून घ्यायचा तर ही अट लिहिलेली असणे कामी येते.

दादा : पैसे दिसत असतील तर खरेदीखत

तुमचे निवृत्त सर्कल बोलले ते दादापुरते खरे. नऊ लाख हातातून हातात जाणार आहेत. पैसे घेऊन ‘विनामोबदला’ लिहिणे म्हणजे दोघांनी मिळून खोटे लिहिणे, आणि ते दोघांनाही महागात पडते.

दादाच्या बाजूने बघा. त्याने ‘विनामोबदला हक्क सोडला’ असे लिहून नोंदवून दिले आणि तुम्ही नऊतले पाचच दिले, तर उरलेले चार तो कोणत्या कागदावर मागणार? स्वतःच्या सहीच्या दस्ताविरुद्ध त्याला बोलावे लागेल. म्हणून शहाणा भाऊ आधी सगळे रोख घेतो, आणि तिथे दुसरी अडचण. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. तुमच्या बाजूने बघा, तर नऊ लाख देऊन हातात पुरावा शून्य. पुढे कधी बाग किंवा घर विकलेत तर ‘मी दादाला नऊ लाख देऊन हा हिस्सा घेतला’ हे आयकरात दाखवता येणार नाही.

काहीजण मधला मार्ग काढतात : हक्कसोडपत्रच करायचे, पण त्यात नऊ लाखांचा मोबदला लिहायचा. कागदाला नाव काहीही द्या, आत काय लिहिले आहे ते बघितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच म्हटले आहे की मोबदला घेऊन केलेले ‘रिलीज’ हे प्रत्यक्षात हस्तांतर ठरू शकते. निबंधक कार्यालयातही मोबदला दिसला की खरेदीचे शुल्क मागण्याकडे कल असतो. मग वाचवले काय? सरळ खरेदीखतच लिहा : ‘बाग व घर यांतील माझा १/५ अविभक्त हिस्सा’.

शुल्क मोबदला आणि बाजारमूल्य यांत जे जास्त त्यावर लागते. तुमच्याकडे मोबदला ९ लाख, सरकारी मूल्य ८ लाख, म्हणून शुल्क ९ लाखांवर. खरेदीचा दर ग्रामपंचायत आणि नगरपंचायत हद्दीत वेगवेगळा आहे. अधिभार धरून ५ टक्के समजा, ४५ हजार. नोंदणी फी १ टक्का (कमाल ३० हजारांपर्यंत), ९ हजार. एकूण ५४ हजार, आणि तो खर्च घेणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. दादाशी बोलताना हा आकडा आधीच पुढे ठेवा. बरेचदा भाऊ नऊचे साडेआठ करतात.

दादा कर लागेल म्हणून खरेदीखताला नाही म्हणत असेल, तर त्याला हे सांगा. ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता धरलीच जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. ‘ग्रामीण’ म्हणजे जमीन नगरपालिकेच्या किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत नको आणि हद्दीपासून ठरावीक अंतराच्या आत नको. दहा हजारांहून जास्त आणि एक लाखापर्यंत वस्तीच्या गावासाठी ते अंतर दोन किलोमीटर आहे. तुमची बाग त्याबाहेर असेल तर दादाचा कर फक्त घराच्या हिश्शावर, आणि तोही झालेल्या नफ्यावर. म्हणून खरेदीखतात नऊ लाखांची फोड करा : सरकारी मूल्याच्या प्रमाणात बागेचे ७ लाख २० हजार, घराचे १ लाख ८० हजार. फोड न करता एकच आकडा टाकला तर ती पुढे आयकर खात्याला पटवत बसावे लागते. सी.ए.ला एकदा दाखवा, पण बहुतेक वेळा ज्या कराच्या भीतीने लोक खोटा कागद करतात तो कर मुळात नसतोच.

बाहेरच्या पार्टीची धमकी किती खरी? दादा अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकू शकतो, ते बेकायदेशीर नाही. पण हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे एका वारसाने आलेला हिस्सा विकायला काढला की इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे, आणि शेतजमिनीलाही तो लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. किमतीवर जमले नाही तर कोर्ट किंमत ठरवते. शिवाय बागेसाठी घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि कुटुंबाच्या राहत्या घरात हिस्सा घेतलेल्या परक्याला तुमच्याबरोबर घरात येऊन राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याला वाटपाचा दावाच लावावा लागतो. मुंबईच्या खरेदीदाराला हे त्याचा वकील सांगतो आणि भाव पडतो. तेव्हा घाबरू नका, पण दादाला एक साधे पत्र पाठवून ठेवा की त्याचा हिस्सा रास्त किमतीत घ्यायला तुम्ही तयार आहात. पोस्टाने, पोचपावतीसह. भावाला असे पत्र पाठवणे जड जाते हे मान्य. चहा पिताना हातात दिलेत तरी प्रतीवर सही घ्या.

एक गोष्ट दस्त लिहायच्या आधी बघा. सात-बाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ कायदा कलम ४३ चा शेरा आहे का? कोकणात पुष्कळ बागा मूळच्या कुळाच्या. बाबांनी घेतली तीही तशीच असू शकते. शेरा असेल तर विक्री आणि बक्षीस या दोन्हींना अडसर येतो. तो आधी तहसील कार्यालयात निस्तरून घ्यावा लागतो, नाहीतर दस्त नोंदवून फेरफार नामंजूर होतो आणि दादाचे पैसे मात्र गेलेले असतात.

धाकटी : अर्धा हक्कसोड

धाकटीला बाग नको, घर हवे. हक्कसोडपत्र एका मिळकतीपुरते करता येते, त्यात काही अडचण नाही. अडचण येते ती परिशिष्टात. नमुन्यात वर्णनाच्या शेवटी एक शेपूट असते : ‘...व मौजे अमुक येथील इतर सर्व स्थावर जंगम मिळकती’. त्या एका ओळीने धाकटीची खोली जाते. तिच्या दस्तात फक्त बागेचा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि आकार लिहा, आणि खाली स्वतंत्र कलम : ‘ग्रामपंचायत घर क्रमांक अमुक हे घर व त्याखालील जागा यांतील लिहून देणार यांचा १/५ हिस्सा अबाधित असून तो या दस्ताचा विषय नाही.’ धाकटी तुमची आहे, तुम्ही तिला कधी बाहेर काढणार नाही, पण तुमच्यानंतर तुमची सून आणि तिचा जावई समोरासमोर असतील.

‘खोली’ म्हणजे नक्की कोणती, हे मात्र हक्कसोडपत्रात ठरत नाही. तिथे तिचा सगळ्या घरात अविभक्त हिस्सा राहतो. पडवीच्या उजवीकडची खोली तिचीच असे पक्के करायचे असेल तर घराचे वाटणीपत्र लागेल. तो चौथा दस्त, आणि सध्या त्याची घाई नाही.

सगळे झाल्यावर चित्र असे दिसेल. बागेत दादाकडून आलेला, अक्काकडून आलेला, धाकटीकडून आलेला आणि तुमचा स्वतःचा असे तुमचे चार पंचमांश, आईचा एक पंचमांश. घरात तुमचे तीन पंचमांश, आईचा एक, धाकटीचा एक. तिन्ही दस्तांत अविभक्त हिस्सेच फिरतात, जमीन कुठे कापली जात नाही, म्हणून आत्ता हिस्सा मोजणीही लागत नाही.

क्रम दादापासून धरा, म्हणजे अक्काच्या दस्तात आणि फेरफारात वरच्या २/५ ऐवजी ३/५ येईल. पैशाचा व्यवहार आधी मिटवा, पण अक्का आणि धाकटीचे मसुदे त्याच आठवड्यात तयार ठेवा. तिन्ही दस्त एकाच दिवशी झाले तर उत्तम. गणपतीत सगळे गावाला येतातच, मात्र त्या दिवसांत कार्यालय कधी उघडे आहे ते आधी बघून वेळ घेऊन ठेवा. कुणाची सही आधी झाली आणि हजर राहायला जमले नाही, तर सही केल्याच्या तारखेपासून चार महिन्यांत नोंदणीला आणता येते. दस्त झाल्यावर सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत लगेच घ्या आणि त्यातला हिस्सा व मिळकतीचे वर्णन तिथेच उभ्याने वाचा. फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठी असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तुमच्या सर्कलना विचारा, नोंद प्रमाणित व्हायच्या आधी तलाठ्याकडे तिचा मजकूर बघून ‘लाभात’ हा शब्द आणि हिस्सा आला आहे ना एवढे ते बघून देतील.

घराचे मात्र सात-बाराने भागत नाही. घरपट्टीच्या नमुना आठवर अजून बाबांचेच नाव असण्याची शक्यता आहे. तिथे आधी पाचही वारस लावून घ्या आणि मग दादा व अक्काच्या दस्तांच्या प्रती जोडून ग्रामसेवकांकडे वेगळा अर्ज द्या, धाकटीचे आणि आईचे नाव तिथे राहील हे बघून.